फायरबॉल आलाच पाहिजे: फायटिंग गेमच्या इनपुट बफरच्या नोंदी

गोडो ४ या गेम इंजिनवर दोन पैलवानांचा टू-डी फायटिंग गेम करते आहे. ॲनिमेशन बऱ्यापैकी झालं आहे, टक्करही नीट ओळखली जाते, पण हातात कंट्रोलर घेतलेला प्रत्येक जण एकच गोष्ट सांगतो: "मी मारला होता, आलाच नाही." नोकरी सांभाळून संध्याकाळी बसत होते, त्यामुळे एकेका दुरुस्तीला दिवस लागले. हेच काम करायला घेणाऱ्याचे ते दिवस वाचावेत म्हणून तारखेनिशी लिहून ठेवलं आहे.

दिशा नंबर-पॅडच्या रिवाजाने लिहिल्या आहेत. ५ म्हणजे मोकळं, २ खाली, ६ पुढे, ४ मागे, ३ म्हणजे खाली-पुढे. फायरबॉल म्हणजे २३६ आणि पंच. उसळी मारून वर जाणारा पंच म्हणजे ६२३ आणि पंच. गेम सेकंदाला ६० फ्रेमवर चालतो, म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची.

३ जून

धाकट्या भावाला बसवलं आणि २० वेळा फायरबॉल मारायला सांगितलं. ११ आले. त्यानंतर बसून मारायची मधली किक लागताच तिच्यातून फायरबॉल काढायला सांगितलं, म्हणजे गेममधला सगळ्यात साधा कॉम्बो, समोरच्याला अडवायला वेळ न देता जोडलेले दोन मार. २० पैकी ३.

"ताई, माझा हात बरोबर आहे," तो म्हणाला. दुसऱ्या गेममध्ये त्याचा हाच कॉम्बो न चुकता येतो हे मी पाहिलेलं आहे, म्हणून दोष कोडमध्येच आहे असं धरून चालले.

आज कोडला हात लावला नाही. आधी स्क्रीनच्या डाव्या बाजूला इनपुटचा इतिहास दाखवणारी पट्टी केली: कुठली दिशा, किती फ्रेम धरली, कुठलं बटण कुठल्या फ्रेमला दाबलं. दोन तास गेले. पुढच्या तीन आठवड्यांत सगळ्यात जास्त उपयोग याच पट्टीचा झाला. ती नसती तर मी आकडे अंदाजाने वाढवत बसले असते.

५ जून

पट्टी पाहिल्यावर पहिली चूक लगेच सापडली. मी `_process` मध्ये इनपुट वाचत होते, आणि ते स्क्रीनच्या वेगाने चालतं. माझा मॉनिटर १४४ हर्ट्झचा आणि भावाचा लॅपटॉप ६० चा, त्यामुळे माझ्याकडे "१० फ्रेम" त्याच्यापेक्षा निम्म्याहून कमी वेळात संपायच्या. सगळं `_physics_process` मध्ये नेलं, ते कुठल्याही स्क्रीनवर सेकंदाला ६० वेळाच चालतं.

त्यातून दुसरी अडचण निघाली. फ्रेमच्या सुरुवातीला बटण दाबलेलं आहे का एवढंच मी विचारत होते. दोन फ्रेमच्या मधे दाबून सोडलेलं बटण त्यामुळे दिसायचंच नाही. आता `_input` मध्ये बटण दाबल्याचा इव्हेंट आला की एक खूण उभी राहते आणि पुढची फिजिक्स फ्रेम ती खूण वाचून खाली करते. चालू दिशा मात्र धरलेल्या बटणांवरूनच घेते. नुसता फायरबॉल २० पैकी १३.

६ जून

आजचा दिवस वाया गेला. काही वेळा पट्टीवर २ आणि ३ दिसायचे, पण पंच अजिबात उमटायचा नाही. रात्री साडेअकरापर्यंत कोड तपासला. मग नोटपॅड उघडून खाली, उजवीकडे आणि पंचाचं बटण एकत्र दाबलं, तर तिथेही तिसरं अक्षर उमटलं नाही. स्वस्त कीबोर्डमध्ये आतल्या तारांची जाळी अशी असते की काही ठरावीक तीन बटणं एकत्र दाबली तर तिसरं पोहोचतच नाही. पंच दुसऱ्या बटणावर नेला आणि अडचण गेली. कोड उघडण्याआधी हे तपासायला हवं होतं, दोन मिनिटांचं काम आहे.

९ जून

मोशन, म्हणजे २३६ सारखा दिशांचा क्रम, ओळखण्याचं कोड पूर्ण फेकून दिलं. जुनी पद्धत अशी होती: २ आला की घड्याळ सुरू, १५ फ्रेमच्या आत ३ आणि मग ६ आला तर मोशन पुरी, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. उभं राहून फायरबॉल मारताना हे चालून जातं. पण किकमधून फायरबॉल काढणारा माणूस किक मारण्यासाठी आधीच खाली बसलेला असतो. म्हणजे २ दाबून अर्धा सेकंद झालेला असतो आणि घड्याळ कधीच संपलेलं असतं. २० पैकी ३ यायचं मोठं कारण हे होतं. जे तीन आले त्यात भावाने किकनंतर हात सोडून पुन्हा २ दाबला होता.

उपाय म्हणजे उलटं शोधणं. मागच्या ६० फ्रेमच्या दिशा एका गोल यादीत ठेवल्या. आत्ताच्या फ्रेमपासून मागे जायचं, आधी ६ सापडला पाहिजे, मग त्याच्या मागे ३, मग त्याच्या मागे २.

```gdscript
func motion(seq: Array, max_gap: int) -> bool:
    var i := seq.size() - 1
    var gap := 0
    for age in HISTORY:
        if dir_at(age) == seq[i]:
            i -= 1
            gap = 0
            if i < 0:
                return true
        else:
            gap += 1
            if gap > max_gap:
                return false
    return false
```

मागून शोधताना २ ची शेवटची फ्रेम आधी सापडते. तो किती वेळ धरला होता याला महत्त्व उरत नाही आणि बसलेल्या माणसाला शिक्षा होत नाही. `max_gap` आत्ता ८ ठेवला आहे. एक गोष्ट लक्षात ठेवायची: ६ बराच वेळ धरून ठेवला तर त्या फ्रेम ६ आणि ३ यांच्यामधल्या अंतरात मोजल्या जातात. हे मला हवंच आहे, कारण बसून उठून पुढे चालत गेलेल्या माणसाने पंच मारला तर त्याला फायरबॉल मिळता कामा नये.

नुसता फायरबॉल २० पैकी १६, किकमधून ७.

११ जून

उरलेल्या चार चुका पट्टीवर एकेक करून पाहिल्या. चारींत एकच गोष्ट: पंच आधी आणि ६ नंतर. एक किंवा दोन फ्रेमचाच फरक. माणसाला दोन्ही एकत्र दाबल्यासारखंच वाटतं, कारण दोन हातांच्या बोटांत ३० मिलिसेकंदांचा फरक कुणाला कळत नाही. माझं कोड मात्र पंच दिसताच "मोशन झाली का" विचारत होतं, उत्तर "नाही" आलं की साधा पंच सुरू करत होतं आणि विषय संपवत होतं.

पहिला विचार आला की प्रत्येक बटण तीन फ्रेम थांबवून मगच ठरवावं. करून पाहिलं. सगळेच पंच जड वाटायला लागले आणि भावाने दहा सेकंदांत ओळखलं. काढून टाकलं.

आता असं आहे. साधा पंच लगेच सुरू होतो, पण दाबलेलं बटण बफरमध्ये, म्हणजे आज्ञा थोडा वेळ लक्षात ठेवणाऱ्या जागेत, जिवंत राहतं आणि पुढच्या तीन फ्रेम दर फ्रेमला मोशन पुन्हा तपासली जाते. त्या वेळात मोशन पुरी झाली तर बफरमधली आज्ञा "पंच" वरून "फायरबॉल" वर चढते, आणि नुकताच सुरू झालेला पंच मोडून फायरबॉल सुरू होतो. पंच लागायला पाच फ्रेम लागतात, त्यामुळे मोडलेला पंच कुणाला लागलेला नसतो आणि डोळ्याला दिसतही नाही. फायटिंग गेमवाले याला कारा कॅन्सल म्हणतात. कारा म्हणजे जपानीत रिकामा.

या सवलतीवर एक बंधन घातलं: पहिल्या तीन फ्रेममध्ये साध्या मारातून फक्त फायरबॉलसारख्या स्पेशलकडे जाता येतं, साध्यातून साध्याकडे नाही. तेही मोकळं ठेवलं होतं तेव्हा पंच आणि किक एकामागून एक दाबत राहिलं की पैलवान नुसता थरथरायचा आणि काहीच लागायचं नाही.

नुसता फायरबॉल २० पैकी २०.

१४ जून

किकमधून फायरबॉल अजून अडलेला. पट्टीवर मोशन स्वच्छ, पंचही आहे, तरी काही होत नाही. आणि बटण जितकं वेळेवर दाबावं तितकं जास्त वेळा हुकतं. हे पाहून चक्रावले.

कारण हिटस्टॉप निघालं. मार लागला की दोन्ही खेळाडू काही फ्रेम जागीच गोठतात, त्यामुळेच माराला वजन येतं. माझ्याकडे मधल्या किकचा हिटस्टॉप १० फ्रेमचा आहे. तो मी सोप्या मार्गाने केला होता: हिटस्टॉप चालू असेल तर पैलवानाचं पूर्ण `_physics_process` पहिल्याच ओळीत परत फिरायचं. इनपुट वाचणंही त्यातच होतं. म्हणजे किक लागल्याचं पाहून माणूस ज्या १० फ्रेममध्ये २३६ आणि पंच करतो, नेमक्या त्याच फ्रेम माझा गेम आंधळा होता.

```gdscript
func _physics_process(_delta):
    record_input()
    if hitstop > 0:
        hitstop -= 1
        return
    age_commands()
    try_cancel()
    advance_move()
```

इनपुटची नोंद आता सगळ्यांच्या आधी आणि नेहमी होते. दुसरी अर्धी दुरुस्ती `age_commands` च्या जागेत आहे. बफरमधली आज्ञा पाच फ्रेमनंतर शिळी होते. हे वय हिटस्टॉपमध्येही वाढू दिलं असतं, तर गोठल्याच्या दुसऱ्या फ्रेमला दाबलेला पंच गोठणं संपायच्या आतच मेला असता. म्हणून गोठलेल्या काळात वय वाढत नाही. दिशांचा इतिहास मात्र चालूच राहतो. त्याने बिघडत नाही, कारण मोशन ओळखण्याचं काम पंच दाबल्याच्या आसपासच उरकतं आणि बफरमध्ये "फायरबॉल" अशी ठरलेली आज्ञा बसते. नंतर पुन्हा दिशा तपासायची गरज पडत नाही.

किकमधून फायरबॉल २० पैकी १८. रात्रीचा एक वाजला होता, तरी भावाला उठवून दाखवला.

१५ जून

किक लागण्याआधीच मोशन उरकणारे लोकही असतात. त्यांच्यासाठी वेगळं काही करावं लागलं नाही. किक सहाव्या फ्रेमला लागते. चौथ्या फ्रेमला पंच दाबला तरी आज्ञा पाच फ्रेम जिवंत आहे, म्हणजे संपर्क होईपर्यंत टिकते आणि मग हिटस्टॉपमध्ये तिचं वय थांबतं. किक हवेत गेली तर आज्ञा शिळी होऊन मरते आणि फायरबॉल येत नाही. हवेत गेलेल्या किकमधून फायरबॉल निघायला लागला तर कुणीही बिनधोक किक फेकत राहील, म्हणून माझ्या गेममध्ये कारा कॅन्सलच्या पहिल्या तीन फ्रेम सोडल्या तर कॅन्सलला, म्हणजे चालू मार मोडून दुसऱ्यात जायला, संपर्काची अट आहे. मार लागला किंवा अडवला गेला, दोन्ही चालतं.

१८ जून

एक मित्र खेळायला आला. त्याचा हात व्हिडिओ गेम पार्लरमध्ये किंग ऑफ फायटर्स ९७ वर बसलेला, आणि तो स्वतःची स्टिक घेऊन आला. त्याने अर्ध्या तासात दोन गोष्टी उघड्या पाडल्या.

पहिली: "अरे, फायरबॉल निघतो, पण समोरचा अडवतो. मग कॉम्बो कसला?" आकडे कागदावर मांडले. किक लागल्यावर हिटस्टॉप संपला की समोरचा पुढे २० फ्रेम भानावर नसतो. फायरबॉल हातातून सुटायला १३ फ्रेम, १४व्याला तो हवेत येतो, आणि किकने समोरचा जरा मागे सरकलेला असल्याने पोहोचायला आणखी दोन. म्हणजे एकूण १६. हिटस्टॉप संपताच कॅन्सल झाला तर चार फ्रेम शिल्लक राहतात. चार फ्रेम उशिरा झाला तर जेमतेम लागतो. पाच फ्रेम उशिरा झाला की समोरचा हात वर करून मोकळा.

माझी कॅन्सलची खिडकी मात्र हिटस्टॉपनंतर १० फ्रेम उघडी होती. उदारपणा म्हणून ठेवली होती, पण त्यातल्या शेवटच्या सहा फ्रेम फसव्या होत्या. गेम "हो" म्हणायचा आणि कॉम्बो तुटायचा. मोशन आलीच नाही तर माणूस पुन्हा प्रयत्न करतो. मोशन आली आणि कॉम्बो तुटला तर आपलं काय चुकलं तेच त्याला कळत नाही. खिडकी चार फ्रेमवर आणली. यापुढे कुठल्याही माराची खिडकी ठरवताना आधी हीच वजाबाकी करणार.

कॉम्बो ही कल्पनाच मुळात अशा सैल खिडकीतून आली आहे. १९९१ च्या स्ट्रीट फायटर २ मध्ये ते आधी योजलेले नव्हते. एका मारातून दुसऱ्यात जाता येतं हे गेम तयार होत असतानाच लक्षात आलं आणि ते तसंच ठेवलं गेलं. ती खिडकी कॉम्बोसाठी कुणी आखलेली नव्हती. मी मात्र आखते आहे, तेव्हा मोजूनच आखायला हवी.

१९ जून

मित्राची दुसरी तक्रार. पुढे चालता चालता फायरबॉल मारला की उसळीचा पंच येतो. चालताना ६ धरलेला असतो, मग २, ३, ६. या चार दिशांमध्ये २३६ ही आहे आणि ६२३ ही. मी ६२३ आधी तपासत होते, कारण तो जास्त अवघड आहे आणि हुकला तर जास्त राग येतो.

६२३ मधला पहिला ६ ताजाच हवा अशी अट घालून पाहिली. फरक पडला नाही. स्टिक चालण्यावरून खाली यायला दोन-तीन फ्रेमच लागतात, खऱ्या उसळीच्या पंचाइतक्याच. मग क्रम उलटा केला, २३६ आधी. आता उसळीचा पंच मारताना हात थोडा पुढे गेला आणि शेवट ६ वर झाला की फायरबॉल यायचा.

शेवटी नियम असा ठरवला: दोन्ही जुळत असतील तर पंच दाबला त्या फ्रेमची दिशा बघायची. ३ असेल तर उसळी, ६ असेल तर फायरबॉल. हात पुढे सरकणाऱ्याचं यात नुकसान आहे, ते मला मान्य आहे. त्याच्यासाठी भरपाई म्हणून ३२३ हेही उसळीच्या मोशनमध्ये धरलं. बसलेल्या माणसाला त्याचा फायदा होतो, आणि त्यात ६ येतच नसल्याने फायरबॉलशी गल्लत होत नाही.

२२ जून

मोठं बफर किती वाईट असतं ते आज कळलं. एकामागून एक दोन हलके पंच जोडताना लोक चुकतात, म्हणून बफर पाचवरून १२ केला. जोड सोपी झाली. पण घाबरून तीनदा बटण दाबणाऱ्याचा तिसरा पंच तो अडवायला लागल्यावर बाहेर यायचा आणि त्याची पाठ उघडी पडायची. भाऊ म्हणाला, "मी सोडलंय, तरी हा मारतोय."

पुन्हा हिशेब केला. पहिला पंच लागल्यावर मारणारा सहा फ्रेम आधी मोकळा होतो. दुसरा पंच चौथ्या फ्रेमला लागतो. म्हणजे मोकळं झाल्यावर पहिल्या, दुसऱ्या किंवा तिसऱ्या फ्रेमला बटण दाबलं तरच जोड होते. तीन फ्रेम, ५० मिलिसेकंद. मोकळं होण्याआधीच्या चार फ्रेममधलं दाबणं धरलं तर सात फ्रेम होतात, साधारण ११७ मिलिसेकंद. भावाच्या चुकांची पट्टी पाहिली तर जवळपास सगळ्या या सात फ्रेममध्ये बसत होत्या. १२ ची गरजच नव्हती. साध्या मारांसाठी चार, स्पेशलसाठी पाच असे वेगळे आकडे ठेवले. स्पेशल चुकून दाबला जात नाही, त्यामुळे तिथे एक फ्रेम जास्त परवडते.

२४ जून

वापरलेली आज्ञा पुसायची राहिली होती, त्यामुळे एका दाबण्यात कधीकधी दोन पंच यायचे. एका ओळीची दुरुस्ती.

पण मोशन पुसणं त्याहून नाजूक निघालं. फायरबॉलनंतर लगेच पुन्हा पंच दाबला तर जुनाच २३६ जुळायचा, आणि कारा कॅन्सलच्या तीन फ्रेममुळे फायरबॉल स्वतःलाच मोडून पुन्हा सुरू व्हायचा. मी पूर्ण इतिहास पुसून टाकला आणि सुपर मेला. सुपर म्हणजे २३६२३६ आणि पंच. फायरबॉल मारून त्यातूनच सुपर काढायचा तर पहिला २३६ फायरबॉलचाच वापरता आला पाहिजे. आता इतिहास पुसत नाही. प्रत्येक मूव्हपाशी "शेवटची वापरलेली फ्रेम" लिहून ठेवते, आणि तीच मूव्ह पुन्हा शोधताना त्या फ्रेमच्या मागे जात नाही. दुसऱ्या मूव्हला तो इतिहास मोकळा आहे.

२७ जून

समोरचा डोक्यावरून उडी मारून पलीकडे गेला की पुढे-मागे उलटतं. मी दिशा लिहितानाच तोंड कुठे आहे ते बघून ६ किंवा ४ लिहीत होते, त्यामुळे मोशन अर्ध्यात असताना बाजू बदलली की २, ३, ४ असं काहीतरी निरर्थक उमटायचं. आता इतिहासात डावी-उजवी जशीच्या तशी लिहिते. वाचताना, मोशनची पहिली दिशा दाबली तेव्हा तोंड जिकडे होतं त्या हिशेबाने पूर्ण मोशन वाचते. हाताने जे सुरू केलं तेच शेवटपर्यंत धरलं जातं.

३० जून

भाऊ आणि मित्र दोघांच्या इनपुटची फ्रेमवार नोंद फाइलमध्ये उतरवली आणि ती गेमला परत भरवता येईल असं केलं. एकूण ४० फाइली. त्यातल्या १२ "काहीच स्पेशल येऊ नये" अशा आहेत: बसून उठून चालत पंच, अडवताना बटणं बडवणं, हवेत गेलेली किक. आकडा बदलला की सगळ्या चालवते, दोन मिनिटं लागतात. या बारा नसत्या तर २२ तारखेची चूक मी पुन्हा केली असती, कारण बफर वाढवला की "आलं पाहिजे" वाल्या फाइली नेहमीच खूश असतात.

आज ३९ पास. नापास आहे ती मित्राची: चालताना उसळीचा पंच, शेवट ६ वर. १९ तारखेच्या नियमाने तिथे फायरबॉलच येणार. ती फाइल तशीच लाल ठेवली आहे. पंच दाबण्याच्या आधी ६ किती फ्रेम धरला होता त्यावरून निवाडा करता येतो का, ते पुढच्या आठवड्यात आणखी चार जणांचे हात नोंदवून बघणार आहे.